अकरा वर्षं काम केलं, पण येतं काय ते सांगता येत नाही

*ताई, वय ३८. चार वर्षं गाड्यांच्या सर्व्हिस सेंटरमध्ये स्पेअर पार्ट्सच्या स्टोअरला होते, मग पाच वर्षं हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कवर, आता दोन वर्षं एका ऑफिसात ॲडमिन. स्वतःचं काहीतरी सुरू करायचंय. स्किल्सची यादी कर म्हणून सगळे सांगतात, केली, तर निघालं काय? कम्युनिकेशन, एक्सेल, टीमवर्क, मेहनती. यातून कसला बिझनेस निघणार? छंद म्हणाल तर हौशी नाटकाच्या ग्रुपमध्ये बॅकस्टेज करते, प्रॉपर्टी माझ्याकडे असते, पण तो टाइमपास झाला. खास असं माझ्यात काही नाहीये. आधी एखादा कोर्स करू का? — एक वाचक*

कोर्सची फी भरली नसेल तर थांबा जरा. आणि ती यादी पण बाजूला ठेवा. चुकीची आहे असं नाही, पण त्यातलं तुमचं नाव खोडून शेजारच्या टेबलवरच्या माणसाचं टाका, यादी तशीच्या तशी खरी राहते की नाही बघा. राहत असेल तर त्या यादीने तुमच्याबद्दल काहीच सांगितलं नाही. मेहनती तर काय, सगळेच असतात बायोडेटामध्ये.

प्रॉब्लेम असा आहे की स्वतःला 'मला काय येतं' असं विचारलं की डोकं आपोआप अशा गोष्टी शोधतं ज्या शिकायला कष्ट पडले, ज्याचं सर्टिफिकेट मिळालं किंवा ज्यासाठी लोकांनी टाळ्या वाजवल्या. जे हातातून सहज होतं ते आपण मोजतच नाही, त्यात काय एवढं म्हणून सोडून देतो. आणि नेमकं तेच बाकीच्यांना जमत नसतं. त्यामुळे गुण आठवायचेच नाहीत, प्रसंग आठवायचे. ही माझी आयडिया नाही, जॉन फ्लॅनगन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये ही पद्धत नीट मांडून ठेवलीये, मूळ काम दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांवर झालेलं. चांगल्या माणसात कोणते गुण लागतात असं विचारलं की लोक भाषण देतात, पण 'प्रत्यक्ष घडलेला एक प्रसंग सांग, त्यात कोणी नेमकं काय केलं आणि त्याने काय फरक पडला' असं विचारलं की कामाचं काहीतरी हाती लागतं. आपण हेच स्वतःवर करायचं.

प्रत्येक नोकरीतले पाच-सहा आणि छंदातले पाच-सहा प्रसंग पुरेत. सगळ्यात जुन्या नोकरीपासून सुरू करा, कारण आत्ताची नोकरी डोक्यात एवढी ताजी असते की बाकी सगळं झाकून टाकते. नुसतं आठवत बसू नका, पुरावे काढा. जुन्या मेलचा सेंट फोल्डर, फोनमधले फोटो, मेसेजमध्ये 'जरा बघशील का', 'तुला माहितीये ना' असं काहीतरी सर्च करून बघा, कोण कशासाठी तुमच्याकडे येत होतं ते तिथे लिहिलेलंच असतं. आणि दोन जागा अशा आहेत की जिथे हमखास काहीतरी सापडतं. एक म्हणजे नोकरी सोडताना लिहिलेली हॅन्डओव्हर नोट, कारण त्यात तुम्ही ते लिहिलेलं असतं जे कोणत्याच मॅन्युअलमध्ये नव्हतं. दुसरी म्हणजे सोडल्यानंतर महिनाभर आलेले फोन. तुमच्या जागेवर दुसरं कोणीतरी बसलंय, सगळी सिस्टीम आहे, साहेब आहेत, तरी फोन तुम्हाला आला, तो कशासाठी? पगार बंद झाल्यावरही ज्यासाठी तुमची आठवण काढली ती गोष्ट लिहून ठेवा.

प्रत्येक प्रसंग चार-पाच ओळींत लिहायचा. काय अडलं होतं, मी हाताने नेमकं काय केलं, त्यानंतर काय बदललं, मी नसते तर कोणी केलं असतं, आणि करताना मला कसं वाटत होतं. 'मी' च्या पुढे क्रियापद आलं पाहिजे, जसं की जुळवलं, मोजलं, शोधून काढलं, समजावलं, लावून ठेवलं. 'समन्वय साधला' असं काही आलं तर खोडा आणि त्या दिवशी प्रत्यक्ष फोन कोणाला केला, काय बोललात ते लिहा.

तुमचं पत्र आल्यावर मी तुम्हाला मेल करून हेच विचारलं होतं, तुम्ही लांबलचक उत्तर पाठवलंत आणि ते वापरायला परवानगीही दिलीत, तर त्यातलेच तीन प्रसंग घेते, म्हणजे बाकीच्या वाचकांनाही कळेल.

स्टोअरचा प्रसंग. मेकॅनिक पार्टचा जुना नंबर सांगायचे, कंपनीने मधल्या काळात त्याच पार्टला नवा नंबर दिलेला असायचा, सिस्टीममध्ये जुन्या नंबरवर स्टॉक शून्य दिसायचा आणि पार्ट मात्र दोन रॅक पलीकडे पडून असायचा. ऑर्डर जायची, गाडी अडकून राहायची. तुम्ही सारखे मागितले जाणारे पार्ट घेऊन जुना नंबर, नवा नंबर आणि रॅकची जागा असा कागद बनवून काउंटरला चिकटवला. तुम्ही लिहिलंय, 'त्यात काही विशेष नाही, एक कागद तर होता.'

डेस्कचा प्रसंग. क्लेमच्या फाइल्स क्वेरी लागून परत यायच्या, बाकी सगळे आलेल्या क्वेरीला उत्तर देऊन मोकळे होत होते. तुम्ही रजिस्टरच्या मागच्या पानावर परत यायचं कारण लिहायला लागलात आणि लक्षात आलं की तीच ती तीन-चार कारणं आहेत, ओळखपत्रावर आणि पॉलिसीवर नावाचं स्पेलिंग वेगळं, डिस्चार्ज समरीवर डॉक्टरची सही किंवा वेळ नाही, इम्प्लांट बसवलं त्याचा स्टिकर फाइलला लावलेला नाही. मग फाइल जायच्या आधीच तेवढं बघायचं असं तुम्ही सुरू केलंत. नोकरी सोडल्यावर तिथून फोन आला होता ना, 'ती तुमची बघायची यादी कुठे ठेवलीये?' हे तुम्ही मेलच्या शेवटी ताजा कलम म्हणून लिहिलंय. मी असते तर ते सगळ्यात वर लिहिलं असतं.

आणि नाटक. दौऱ्यात प्रयोग संपला की रात्री सगळे दमलेले, नेपथ्य उतरवायची घाई, जे हाती येईल ते ट्रंकेत कोंबलं जातं आणि पुढच्या गावी पहिल्या अंकाच्या आधी कळतं की कंदील राहिला. तुम्ही प्रत्येक ट्रंकेच्या झाकणाला आतून त्या ट्रंकेचा भरलेल्या अवस्थेतला फोटो लावलात, खाली नगांचा आकडा, ट्रंकेला रंगीत टेप. त्यानंतर तुम्ही नसलात तरी नवखा पोरगा ट्रंक बरोबर भरतो. आणि मग दुसऱ्या दोन ग्रुपनी तुम्हाला बोलावून आपल्या ट्रंका लावून घेतल्या, फुकटात, रविवारी. याला तुम्ही टाइमपास म्हणताय!

आता हे तीन कागद शेजारी ठेवा. पार्ट, फाइल, कंदील, तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, पण तुम्ही केलंय एकच. वस्तू किंवा कागद एका हातातून दुसऱ्या हातात जाताना नेमका कुठे गळतो ते तुम्ही ओळखता आणि तिथे अशी खूण करून ठेवता की तुम्ही नसतानाही दुसऱ्या माणसाकडून चूक होत नाही. एकमेकांशी संबंध नसलेल्या ठिकाणी एकच कृती परत परत दिसली की समजायचं हे त्या नोकरीचं नाही, तुमचं आहे. एकाच ठिकाणी दिसलेली गोष्ट त्या जागेच्या जोरावरही झालेली असू शकते, म्हणून तर छंद या तपासणीत घ्यायचेच घ्यायचे, तिथे कोणी सांगितलेलं नसतं, पगार नसतो, तरी तुम्ही तेच करत असता.

ज्यांनी एकाच कंपनीत वीस वर्षं काढलीत त्यांनी नोकरीचेच तुकडे पाडायचे, साहेब बदलला तिथे एक, डिपार्टमेंट बदललं तिथे दुसरा. ज्यांची मधली काही वर्षं घरात गेलीत त्यांनी ती कोरी सोडायची नाहीत, आजारपण सांभाळणं, घर बदलणं, कोणाचा तरी कागदपत्रांचा घोळ निस्तरणं, त्यातही प्रसंग असतात आणि तेही याच पद्धतीने लिहायचे.

यानंतरची पायरी बरेच लोक गाळतात. प्रत्येक प्रसंगातून मालक काढून टाका. तिथलं लॉगिन, तिथलं नाव, तिथली माणसं हे सगळं काढलं तर काय उरतं? स्टोअरमधलं पार्ट नंबरांचं ज्ञान आज शिळं झालंय, नंबर परत बदलले असतील. डेस्कवरची नेमकी कारणं त्या त्या इन्शुरन्स कंपनीच्या नियमांवर अवलंबून होती आणि नियम बदलतात. पण कारणं लिहून काढून त्यातलं सारखं सारखं येणारं पकडायचं, ही सवय उरतेच. सेल्सवाल्यांना ही पायरी फार जड जाते हां, कारण 'माझे एवढे कस्टमर आहेत' यातले बरेचसे कस्टमर कंपनीच्या नावाचे असतात.

इथेच एक सांगून टाकते, नंतर राहायला नको. डोक्यातली पद्धत तुमची आहे, पण हॉस्पिटलची फाइल, पेशंटचा एकही कागद, जुन्या कंपनीचा फॉरमॅट किंवा ग्राहकांची यादी तुमची नाही, ती घेऊन निघायचं नाही. आणि आत्ताच्या नोकरीचं अपॉइंटमेंट लेटर काढून वाचा, बाहेरचं काम करायला मनाई आहे का, सोडल्यावर काही काळ त्याच धंद्यात जायचं नाही असं काही आहे का ते बघा.

मग 'करताना कसं वाटत होतं' ती ओळ बघा. डेस्कबद्दल तुम्ही लिहिलंय की काम जमायचं पण रोज लोकांशी वाद घालून डोकं उठायचं. ट्रंकांबद्दल लिहिलंय की रात्री दीड वाजता पण कंटाळा आला नाही. क्लेमच्या फाइल्स तपासून द्यायची सर्व्हिस हा कागदावर तुमचा सगळ्यात 'प्रोफेशनल' दिसणारा पर्याय आहे, पाच वर्षांचा अनुभव, लोकांना गरज पण आहे, आणि घरातले पण तोच सुचवतील. माझं मत विचाराल तर तो मागे ठेवा. एक तर ज्याने डोकं उठतं ते धंद्यात दुप्पट उठतं कारण तिथे सुट्टीच्या अर्जावर सही करणारं कोणी नसतं, आणि दुसरं म्हणजे त्यात तुम्हाला दुसऱ्यांच्या खाजगी माहितीला हात लावावा लागेल, ती जबाबदारी सुरुवातीलाच घ्यायची गरज नाही. अगदी पैशांची निकड असेल तर गोष्ट वेगळी.

राहिल्या ट्रंका. आता तुम्ही म्हणाल हौशी ग्रुपकडे कुठे पैसे असतात, बरोबर आहे, नसतात. पण अडचण ज्या ठिकाणी तुम्ही पाहिली तिथेच ती विकायची असं थोडंच आहे? स्कॉट शेन नावाच्या संशोधकाने २००० साली एक अभ्यास छापला होता. एमआयटीमधून निघालेलं थ्री-डी प्रिंटिंगचं एकच तंत्रज्ञान होतं, त्यावर आठ वेगवेगळ्या लोकांना धंद्याच्या कल्पना सुचल्या होत्या, आणि आठही वेगळ्या. कोणाला धातू ओतायचे साचे दिसले, कोणाला फिल्टर, कोणाला औषधं. ज्याला जे दिसलं ते त्याच्या आधीच्या कामातून आलेलं होतं, दुसऱ्याची संधी पहिल्याला सुचलीच नव्हती. तुमच्या बाबतीत याचा उपयोग एवढाच की कृती एक ठेवायची आणि आपण वावरलेल्या जगांतून विचारत जायचं, हेच गळणं अजून कोणाकडे होतं, आणि त्यातल्या कोणाचं त्यामुळे पैशांत नुकसान होतं?

नाटकामुळे तुम्हाला एक जग माहितीये ते म्हणजे लाइट, साउंड, कॅमेरा भाड्याने देणारे. त्यांचा माल रोज रात्री बाहेर जातो, अंधारात, घाईत, दमलेल्या पोरांच्या हातून परत येतो. मोठा दिवा कोणी विसरत नाही. गळतात त्या केबल, क्लॅम्प, ॲडॉप्टर, चार्जर, रिमोट. वस्तू छोटी पण ती नसली की पुढचा शो अडतो, मग ऐनवेळी दुकान गाठा नाहीतर शेजारच्या पार्टीकडून उसनं आणा. ट्रंकेच्या झाकणातला फोटो इथे जसाच्या तसा चालतो. अशी लोकं पैसे मोजू शकतात कारण हा त्यांचा धंदा आहे. दुसरा पर्याय म्हणजे हौशी ग्रुप, शिबिरं घेणाऱ्या संस्था, प्रदर्शनं भरवणारे, तिथे ओळख लवकर होईल पण पैसे हळू. मी पहिल्यापासून सुरू करेन.

पण हे सगळं अजून अंदाजच आहे बरं का. स्किल्सची तपासणी तुम्हाला एवढंच सांगते की तुम्ही काय करू शकता, कोणाला ते हवंय की नाही हे ती सांगू शकत नाही, त्यासाठी बाहेर पडावं लागतं. पाच-सहा भाड्यावाल्यांना भेटा आणि तुमची कल्पना अजिबात सांगू नका. 'अशी सर्व्हिस मिळाली तर घ्याल का?' असं विचारलंत तर सगळे चांगली माणसं असतात, हो हो म्हणतात. विचारायचं असं की मागच्या वेळी सामान कमी आलं ते कधी कळलं? कोणाच्या लक्षात आलं? मग काय केलंत? 'पुढच्या शोला गाडी भरताना कळलं' असं उत्तर आलं, वर त्याने चिडून दोन किस्से सांगितले, तर दुखणं खरं आहे. 'आमचा गोडाऊनवाला सगळं बघतो' असं म्हणाला तर विचारा की तो सुट्टीवर असतो तेव्हा? मागची वेळ आठवतच नसेल तर त्याला ही अडचण नाही, चहा घ्या आणि निघा. सहातल्या सहाजणांना आठवलं नाही तर कृती तीच ठेवून दुसरं जग बघायचं.

ज्याला दुखतंय त्याच्यासाठी एकच छोटं काम घ्यायचं, पैसे घेऊन. सगळं गोडाऊन लावून देते असं म्हणू नका, मराल. लाइटचा एक सेट, तीन-चार पेट्या, चार शो, बस. सुरू करायच्या आधी दोन शो नुसतं मोजायला सांगा, किती गेलं आणि किती आलं, कारण आधीचा आकडा नसेल तर नंतर फरक पडला हे तुम्ही कशावर दाखवणार? मग पेट्या लावा, झाकणात फोटो, केबलच्या लांबीप्रमाणे टेपचा रंग, आणि जाताना-येताना टिक करायचा एक कागद.

तो कागद नंतर नीट बघा. पहिले दोन शो बरोबर भरलेला असेल, तिसऱ्यापासून सगळ्या टिका एकाच पेनाने, एकाच तिरपेपणाने, ओळीत मारलेल्या दिसतील. म्हणजे रात्री कोणी मोजलेलं नाही, सकाळी चहा पिताना भरलाय. पोरांना ओरडायचं नाही आणि मालकाकडे तक्रार पण करायची नाही, तुमची पद्धत त्या वेळेला जड पडतेय एवढाच त्याचा अर्थ. मग कागद कमी करायचा आणि पेटीच बोलेल असं करायचं, म्हणजे आत फोमला वस्तूच्या आकाराचे खाचे, खाचा रिकामा दिसला की वस्तू राहिली, लिहायची गरजच नाही. हे तुम्हाला मी सांगायची गरज नाहीये खरं तर, काउंटरला कागद चिकटवताना तुम्ही हेच केलं होतं, लोकांना सिस्टीम शिकवत बसला नाहीत.

या कामात एक खड्डा आहे तो आत्ताच दिसतोय. पेट्या एकदा नीट लागल्या की गिऱ्हाइकाला तुमची गरज संपते. त्यामुळे पहिल्या कामानंतर त्यांच्याकडून काय परत मागितलं जातं ते बघा, नवीन माल आला की त्याच्या पेट्या, सीझन संपल्यावर पूर्ण मोजणी, नवीन पोरांना शिकवणं, की काहीच नाही. काहीच नसेल तर हा नोकरीसोबत करायचा जोडधंदा आहे, त्यावर राजीनामा द्यायचा नाही. राजीनाम्याचा विचार तेव्हा करा जेव्हा दुसरं गिऱ्हाईक पहिल्याने पाठवलेलं असेल आणि पहिलं परत आलेलं असेल.

आणि छंदाचं काय होईल हा प्रश्न तुम्ही विचारला नाही पण मी विचारते. बाहेर पैसे घ्यायला लागलात की ते दोन ग्रुप परत बोलावतील तेव्हा अवघडल्यासारखं होईल. आधीच ठरवून टाका, आपल्या ग्रुपचं फुकट, बाकीच्यांचं नाही, आणि ते पहिल्या फोनलाच सांगायचं. तुमच्या ग्रुपमध्ये पण दौऱ्यावर जाताना कधी कधी प्रॉपर्टी दुसऱ्या कोणाकडे देऊन बघा, सगळा रविवार कामाचाच व्हायला नको.

आणि अजून एक काम आहे, तुमच्यासोबत काम केलेल्या तीन जणांना फोन करा, एक स्टोअरचा मेकॅनिक, एक डेस्कवरची, एक नाटकातला. 'माझ्यात काय चांगलं आहे' असलं काही विचारू नका, ते लाजतील आणि तुम्ही पण. विचारा, 'तू माझ्याकडे कशासाठी यायचास? मी नव्हते तेव्हा काय अडलं?' तिघांकडून आलेली उत्तरं तुमच्या तीन कागदांशी जुळली तर बरंच आहे, पण एखादं अगदीच वेगळं निघालं तर तो चौथा कागद, त्याच्यावर परत हेच सगळं करायचं.

कोर्सचं म्हणाल तर, दोन गिऱ्हाइकांनी स्वतःहून विचारलं की बारकोड लावून मिळेल का, तर बारकोड आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर शिका. तोपर्यंत ते पैसे फोम, टेप आणि फोटोच्या प्रिंट्सना लागतील.